लग्नसराईची रील आणि ऑर्डरींची वही : एक आढावा

धुळ्यात लग्नाचे कापड बहुधा आग्रा रोडवरच्या पेढ्यांतून घेतले जाते आणि ते शिवण्यासाठी पाचकंदीलच्या आसपासच्या गल्ल्यांत, साक्री रोडला किंवा पांझरेपलीकडे देवपुरात नेले जाते. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात, म्हणजे पैठणी पिशवीत आहे आणि ब्लाऊज कोणाकडे टाकावा हे ठरायचे आहे अशा वेळी, नवरी, तिची आई आणि मावशी ज्या गोष्टीकडे पाहून निर्णय करतात, ती गोष्ट गेल्या पाच-सहा वर्षांत बदललेली आहे. पूर्वी ओळखीच्या बाईने दिलेला हवाला पुरे होत असे. फार तर सिनेमागृहातील काचेची जाहिरात किंवा स्थानिक दैनिकातील चौकट त्यास जोड देई. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली, आणि तेव्हापासून शिवणकामाच्या दुकानाची पहिली भेट उंबऱ्यावर न होता हातातील फोनच्या उभ्या चौकटीत होऊ लागली. या रीलची संहिता कशी लिहावी, तीत कारागिरी कशी दाखवावी आणि मुदतीचे वचन कोणत्या शब्दांत द्यावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे अजून कॅमेऱ्याच्या बाजूने होतो. माझ्या मते तो ऑर्डरींच्या वहीच्या बाजूने व्हावयास हवा.

सध्या खानदेशात ज्या रीली दिसतात त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात कापडाचा तुकडा हवेत उडवला जातो, पडदा क्षणभर झाकला जातो आणि पुढच्या क्षणी तयार ब्लाऊज पुतळ्यावर दिसतो. हा प्रकार लक्ष वेधतो खरा, परंतु कापड आणि ब्लाऊज यांच्या मधला जो भाग, म्हणजे ज्यासाठी गिऱ्हाईक शिलाई मोजते तो सगळा भाग, नेमका वगळतो. दुसऱ्या प्रकारात तयार नवरी आरशापुढे वळते. त्यात ब्लाऊजपेक्षा दागिने, केशरचना आणि छायाचित्रकाराचे कौशल्य अधिक दिसते, आणि नवरीची व तिच्या घरच्यांची संमती घेतली नसेल तर ते पुढे मनस्तापाचे कारण होते. तिसरा प्रकार दरपत्रकाचा : साधा ब्लाऊज इतके, अस्तराचा इतके, आरी-काम इतक्यापासून पुढे. त्यात 'पासून पुढे' या दोन शब्दांच्या आड इतकी मोठी तफावत दडलेली असते की दुकानात आल्यावर पहिला वाद तिथूनच सुरू होतो. याखेरीज दुसऱ्यांच्या नमुन्यांची उतरवून घेतलेली छायाचित्रे एकामागून एक लावून गाणे वाजवण्याची एक पद्धत आहे. ती कोणत्याही वर्गात घालण्यास मी तयार नाही, कारण जे आपल्या हातून शिवलेच गेले नाही त्याची जाहिरात ही शुद्ध फसवणूक होय.

कारागिरी दाखवायची तर ब्लाऊज उलटा करून दाखवावा, हे या विषयातील माझे पहिले आणि ठाम मत आहे. वरची बाजू यंत्रावर घाईने शिवलेल्या ब्लाऊजचीही चांगली दिसू शकते. आतली बाजू मात्र खोटे बोलत नाही. शिवणीच्या कडा इंटरलॉक केलेल्या आहेत की नुसत्या कापून सोडल्या आहेत, गळ्याची पट्टी हाताने तुरपाई करून बसवली आहे की वरून टाका मारला आहे, हुकाखालची पट्टी दुहेरी आहे की एकेरी, आणि दोन्ही कुशींना माया किती सोडली आहे, एवढ्या चार गोष्टी उलट्या ब्लाऊजवर चार क्षणांत दिसतात आणि शिवण ओळखणारी कोणतीही खानदेशी गृहिणी त्या बरोबर ओळखते. लग्नाच्या ब्लाऊजच्या बाबतीत मायेला तर विशेष महत्त्व आहे. माप घेतल्यापासून लग्नाच्या दिवसापर्यंत दीड-दोन महिने जातात, त्या काळात नवरीचे अंग उतरते किंवा भरते, आणि कुशीत इंचभर कापड शिल्लक नसेल तर हळदीच्या आदल्या रात्री उसवायलाही काही उरत नाही. कापड वाचवण्यासाठी माया अर्ध्या इंचावर आणणारे कारागीर आहेत. म्हणून मायेवर टेप ठेवून ती मोजून दाखवणे हा रीलमधील एका चांगल्या दृश्याचा ऐवज ठरतो.

दुसरे दृश्य अस्तराचे. सुती अस्तर कापण्यापूर्वी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले नाही तर पहिल्या धुण्यात ते आखडते, वरचे रेशीम आखडत नाही, आणि पाठीवर सुरकुत्यांचे जाळे उभे राहते. या दोषाचे खापर मग फुकट पैठणीवर फुटते. भिजवलेले अस्तर दोरीवर वाळत आहे हे दृश्य अगदी साधे आहे, त्यात झगमग नाही, पण ते पाहून कामाची पद्धत कळते, आणि वेळ का लागतो हेही न सांगता कळते. तिसरे दृश्य काठाचे : पैठणीच्या ब्लाऊजपीसला काठ मोजकाच असतो, त्यावरील मोर किंवा कोयरी दोन्ही बाह्यांवर एकाच उंचीला आणि एकाच दिशेला बसायची असेल तर कात्री चालवण्यापूर्वी कागदी साचा काठावर दोनदा-तीनदा फिरवून पाहावा लागतो, आणि एकदा कापल्यावर चूक दुरुस्त होत नाही. कटिंग करणारी व्यक्ती कात्री उचलण्याआधी जो क्षणभर थांबते, तो क्षण कॅमेऱ्याने पकडला पाहिजे. संहितेत तो स्पष्ट लिहून ठेवला नाही तर संकलनात पहिला तोच कापला जातो.

चित्रणाविषयी थोडक्यातच लिहितो. येवल्याच्या पैठणीत ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असले म्हणजे तिचा रंग प्रकाशाच्या दिशेप्रमाणे पालटतो, आणि दुकानातील नळीदिव्याखाली जांभळी पैठणी राखी दिसू लागते. सबब कापडाचे चित्रण सकाळी खिडकीपाशी, सूर्य चढण्यापूर्वी करावे. आरी-कामावर प्रकाश समोरून टाकला तर जरीचे टाके नुसते चमकतात आणि त्यांचा उठाव नाहीसा होतो. तो आडवा, बाजूने पडावा. पडद्याच्या तळाशी नाव, मजकूर आणि उजवीकडे खुणा येतात, म्हणून तारीख किंवा फोन क्रमांक चौकटीच्या मधल्या भागातच लिहावा; आणि बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, तेव्हा जे तोंडाने बोलले जाते ते अक्षरांतही दिसावे.

गाण्याच्या बाबतीत एक सार्वत्रिक गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ यात विवाहाची वरात आणि त्यास संलग्न सामाजिक समारंभ यांत गीत वाजवण्यास कलम ५२ अन्वये सूट आहे. परंतु ती सूट समारंभापुरती आहे, दुकानाच्या जाहिरातीस ती लागू होत नाही. इन्स्टाग्रामही व्यवसायाच्या खात्यांना बहुतेक लोकप्रिय चित्रपटगीते वापरू देत नाही, आणि वैयक्तिक खात्यावरून ती चढवली तर आवाज काढून टाकला जाण्याचा धोका राहतो. शिलाई यंत्राची लय, कात्रीचा कापडातून जाणारा आवाज आणि कारागिराचे दोन शब्द एवढे ध्वनी या रीलला पुरेसे आहेत. ते दोन शब्द कारागिराच्या तोंडी अहिराणीत आले तर शिरपूर-साक्रीकडच्या आईला ते अधिक जवळचे वाटतात. मात्र तारीख आणि अटी प्रमाण मराठीत, स्पष्ट उच्चारात सांगाव्यात, कारण पुढे वाद झाला तर त्याच शब्दांचा अर्थ लावला जाणार आहे.

येथे या विषयाच्या गाभ्याशी आपण येतो. 'वेळेवर डिलिव्हरीची हमी' हे वाक्य जवळपास प्रत्येक रीलच्या शेवटी असते आणि बहुतेक दुकानदार ते नमस्कारासारखे उच्चारतात. परंतु शिवणकाम ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, बयाणा घेऊन तारीख दिली म्हणजे करार झाला, आणि जाहिरातीतील विधान हे त्या कराराच्या पूर्वपीठिकेचा पुरावा ठरू शकते. धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ साली दिलेला निर्णय या संदर्भात प्रत्येक बुटिकने वाचण्यासारखा आहे : आगाऊ रक्कम घेऊन दोन ब्लाऊजांपैकी एक मुदतीत दिला नाही, एवढ्याच तक्रारीवर आयोगाने मनस्ताप व खर्च मिळून १५ हजार रुपये देण्याचा आणि राहिलेला ब्लाऊज विनामूल्य शिवून देण्याचा हुकूम केला. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या आयोगानेही लग्नासाठी वेळेत न मिळालेल्या ब्लाऊजची रक्कम व्याज आणि भरपाईसह परत करविली. याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांप्रमाणे जे पुरवण्याची वाजवी शक्यता नाही त्याचे आमिष दाखवता येत नाही, आणि अट घालायची असल्यास ती मूळ दाव्याच्याच भाषेत व वाचता येईल अशा अक्षरांत द्यावी लागते. 'अटी लागू' असे कोपऱ्यात बारीक लिहिल्याने मोठ्या अक्षरांतील दावा सौम्य होत नाही.

मग तारीख कोठून आणावी? वहीतून. हे कसे करायचे ते एका कल्पित पण धुळ्यात सहज सापडेल अशा बुटिकच्या हिशेबाने पाहू. समजा, देवपुरात एक दुकान आहे. मालकीणबाई स्वतः माप व कटिंग करतात, दोन कारागीर यंत्रावर बसतात आणि एक कारागीर चौकटीवर आरी-काम करतो. यंत्रावरचा प्रत्येक कारागीर अस्तराचे तीन ब्लाऊज दिवसाला पुरे करतो, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात दोघांचे ३६. त्यातील सहाएक ब्लाऊजांचा वेळ ट्रायलनंतरच्या दुरुस्त्यांत जातो, तेव्हा खरे उत्पादन ३० धरावे. गळा आणि बाह्या यांवरील मध्यम आरी-कामास तीन दिवस लागतात, म्हणजे आठवड्याला दोन. आता १ मार्च २०२६ ही तारीख घेऊ. वहीत यंत्राचे ७० ब्लाऊज आणि आरीचे पाच ब्लाऊज बाकी आहेत.

खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मान मोठा. त्या दिवसाच्या मागेपुढे लग्नांची दाटी होते. २०२६ साली आखाजी १९ एप्रिलला आहे, आणि १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने त्या महिन्यात लग्ने होणार नाहीत. परिणामी एरवी मे अखेरपर्यंत पसरणारी गर्दी एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धात कोंबली जाते. लग्नाच्या आधी एक आठवडा ब्लाऊज घरी पोहोचावा, म्हणजे १२ एप्रिल. त्याआधी शिलाई व ट्रायल यांस एक आठवडा, म्हणजे आरी-काम ५ एप्रिलला चौकटीवरून उतरले पाहिजे. १ मार्च ते ५ एप्रिल हे पाच आठवडे झाले, दहा ब्लाऊजांचे. परंतु त्याच काळात रमजानचे उरलेले दिवस आणि ईद येते, गुढीपाडवा १९ मार्चला आहे, आरीचे पुष्कळ कारागीर मुसलमान समाजातील आहेत आणि उपवासाच्या दिवसांत त्यांच्याकडून रात्रीच्या जादा कामाची अपेक्षा करणे योग्य नाही. तेव्हा दहाचे आठ धरावेत. आठांतून वहीतले पाच वजा केले, आणि आजारपण किंवा वीज जाण्याच्या निमित्ताने एक राखून ठेवला, तर उरले दोन.

हा आकडा हाती आल्यावर रीलचा विषयच बदलतो, आणि वहीपासून सुरुवात करण्याचे प्रयोजन हेच. वही न उघडता मालकीणबाईंनी आरी-कामाची झळाळती रील केली असती, 'आखाजीच्या नवऱ्यांसाठी खास' असे म्हटले असते, वीस चौकश्या आल्या असत्या, त्यांतल्या दहा स्वीकारल्या गेल्या असत्या आणि आठ घरांत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आरडाओरड झाली असती. वही सांगते की आखाजीसाठी आरीची जाहिरात करू नये. ते दोन ब्लाऊज दारात येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांनाच लागतील. यंत्राच्या कामाची स्थिती निराळी आहे. ७० ब्लाऊज आठवड्याला ३० या वेगाने सव्वादोन आठवड्यांहून किंचित अधिक काळात संपतात, त्यापुढे ट्रायल आणि दुरुस्तीचे चार दिवस धरले तर आज दिलेले कापड २१ दिवसांनी तयार होते. आणि आठवड्याला जेवढे शिवले जातात तेवढेच नवे घेतले तर रांग वाढत नाही, मुदतही पालटत नाही. तेव्हा रील अस्तराच्या पैठणी ब्लाऊजची करावी आणि वचन २१ दिवसांचे द्यावे. 'आठ दिवसांत' म्हणणाऱ्या शेजारच्या दुकानापुढे हे फिके वाटेल अशी भीती बाळगू नये. लग्नघरातल्या बाईला लवकरपेक्षा नक्की अधिक हवे असते.

आता संहिता. एकंदर लांबी चाळीस सेकंदांच्या आसपास ठेवावी आणि तेवढ्यात साठाहून फार अधिक शब्द बोलू नयेत, नाहीतर दृश्ये धावू लागतात. पहिल्या तीन सेकंदांत मालकीणबाईंचे हात तयार ब्लाऊज उलटा करतात आणि आवाज येतो, "ब्लाऊज उलटा करून बघा." पुढची सात सेकंदे दोरीवर वाळणाऱ्या अस्तराची : "अस्तर आधी भिजवतो, मग कापतो. पहिल्या धुण्यात आखडत नाही." त्यानंतर काठावर साचा फिरतो, कात्री उचलण्याआधी हात थांबतो, आणि आठ सेकंदांत एकच वाक्य : "दोन्ही बाह्यांचे मोर एकाच उंचीला." मग कुशीवर टेप : "दोन्हीकडे एक-एक इंच माया. लग्नापर्यंत अंग बदलले तरी बसवून देतो." येथवर अठ्ठावीस सेकंदे झाली आणि कारागिरीचा भाग संपला. शेवटच्या बारा सेकंदांत वही उघडते, गिऱ्हाइकांची नावे व फोन क्रमांक कागदाने झाकलेले, फक्त तारखांचा रकाना दिसतो, आणि मालकीणबाई स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून सांगतात, "८ मार्चपर्यंत कापड आणि माप दिले, तर ट्रायल २५ मार्चला, ब्लाऊज २९ मार्चला. आमच्याकडून उशीर झाला तर शिलाई घेणार नाही." या वाक्याचा प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. 'कापड आणि माप' यांत दोन्ही गोष्टी येतात, कारण मुदत दुसरी गोष्ट हाती आल्यापासून चालू होते. ट्रायलची तारीख वेगळी सांगितल्याने गिऱ्हाइकाने यायचे केव्हा तेही ठरते, आणि ते न आल्यास झालेली दिरंगाई कोणाची हे स्पष्ट राहते. 'आमच्याकडून' हा शब्द तेवढ्याचसाठी. शिलाई न घेण्याचे वचन पाळण्याची तयारी नसेल तर ते वाक्य सरळ गाळावे.

वचनात दिवसांऐवजी तारीख का, असा प्रश्न येईल. रील एकदा व्हॉट्सॲपवर पुढे गेली की परत बोलावता येत नाही; मार्चमधली 'एकवीस दिवसांत' अशी रील एप्रिलच्या दहा तारखेला दोंडाईच्यातील एखाद्या घरात पोहोचते आणि ते घर त्या शब्दांवर विसंबते. '८ मार्चपर्यंत' हे शब्द चित्रातच असले तर वचनाची मुदतही चित्रातच राहते. इन्स्टाग्रामवर चढवलेल्या रीलखालचा मजकूर बदलता येतो, आतले चित्र बदलता येत नाही. म्हणून कारागिरीचा अठ्ठावीस सेकंदांचा भाग एकदाच नीट चित्रित करून ठेवावा आणि वहीचा बारा सेकंदांचा भाग दर रविवारी वही पाहून नव्याने घेऊन जोडावा, जुनी रील काढून टाकावी.

बाहेरगावच्या गिऱ्हाइकांसाठी हेच वचन जसेच्या तसे लागू करता येत नाही. सुरत, नाशिक, पुणे येथे स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे कापड आणि मापाचा जुना ब्लाऊज पाठवतात, ट्रायल होतच नाही, आणि जुन्या ब्लाऊजचा मुंढा किंवा छातीचे माप उसवून बदललेले असेल तर नवा ब्लाऊजही तसाच चुकतो. अशांना रीलमध्ये वचन न देता खालच्या मजकुरात एवढेच लिहावे की ट्रायलशिवाय शिवलेल्या ब्लाऊजची दुरुस्ती विनामूल्य होईल, परंतु ती लग्नाआधी होईल असे सांगता येत नाही. पत्ता देतानाही तेच भान हवे : धुळेकरास गल्लीचा क्रमांक पुरतो, साक्रीहून एसटीने येणाऱ्या मायलेकींना बसस्थानकापासून कसे यायचे ते सांगावे लागते.

वरील हिशेबात आखाजीसाठी यंत्राच्या ब्लाऊजचे कापड घेण्याचा शेवटचा दिवस २२ मार्च येतो, कारण त्यापुढचे २१ दिवस १२ एप्रिलला संपतात. त्या रात्री ती रील खात्यावरून उतरवावी, आणि आरी-कामाची रील १५ जूननंतरच्या मुहूर्तांसाठी, वहीतल्या नव्या आकड्यांवर, एप्रिलच्या अखेरीस करावी. धुळ्यातील बुटिकवाल्या भगिनींना माझी एवढीच विनंती आहे.